चेक बाउन्स : महिना म्हणजे ३० दिवस नव्हे
«नोटीस समोरच्याला १० फेब्रुवारी २०२५ ला मिळाली, पैसे आले नाहीत. केस कधीपर्यंत टाकायची?»

नोटीस मिळाल्याचा दिवस सोडून समोरच्याला पैसे द्यायला मिळणारे १५ दिवस मोजा, ते २५ फेब्रुवारीला संपतात. त्याआधी टाकलेली तक्रार टिकत नाही. दाव्याचं कारण, म्हणजे केस करायचा हक्क देणारी गोष्ट, २६ला घडतं; तो दिवसही धरायचा नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच सांगितलंय. तिथून केस टाकायला एक महिना मिळतो, म्हणजे शेवटची तारीख २६ मार्च. इथे कॅलेंडरचा महिना लागतो. बोटांवर ३० मोजलेत तर २८ मार्च येईल आणि उशीरमाफीचा अर्ज करत बसावं लागेल. तारखेचा पुरावा म्हणून पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रिंट आजच काढा, नंतर ती साइटवर दिसेलच असं नाही.