'नाकुपेन्डा' आणि 'आकू सायांग कामू': आदर आला की माया आटते का?

अमृता_क
'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणायला स्वाहिलीत 'नाकुपेन्डा' म्हटलं की झालं. इंडोनेशियन भाषेत 'आकू सायांग कामू'. शब्द इतके साधे की पहिल्या आठवड्यातच तोंडात बसतात. आपल्याकडे मात्र तू की तुम्ही, अहो की नावानं हाक, इथूनच सुरुवात. भाषेत आदराच्या पायऱ्या असल्या की प्रेमाचं बोलणं कोरडं होतं का? या भाषांत राहिलेल्यांनी सांगा.

पुष्कर
होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वाहिलीत आजोबांनाही 'वेवे', म्हणजे तू, आणि बाळालाही 'वेवे'. आदरार्थी रूपच नाही, त्यामुळे आदराचं ओझंही नाही, आणि म्हणून एका शब्दात प्रेम मावतं. जावामध्ये याच्या बरोब्बर उलट. जुन्या खानदानी घरांत बायको नवऱ्याशी 'क्रामो' म्हणजे वरच्या पायरीची भाषा बोलायची आणि नवरा तिच्याशी 'न्गोको' म्हणजे खालची. दोघं एका ताटात जेवतील, पण एका भाषेत बोलणार नाहीत. अशा घरात माया उरते ती भाषेमुळे नाही, भाषा असूनही.

विश्राम, दार एस सलाम
पुष्कर, 'वेवे'चं वाक्य बरोबर, पुढचं नाही. इथे नऊ वर्षं काढली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'नाकुपेन्डा' हा एक शब्द दिसतो, पण ते अख्खं वाक्य आहे. मूळ 'नि-ना-कु-पेन्डा', बोलताना आखडलेलं. 'नि' मी, 'ना' आत्ताचा काळ, 'कु' तुला, 'पेन्डा' प्रेम करणं. एखादा तुकडा बदलला की सगळं बदलतं. 'निलिकुपेन्डा' म्हटलं तर होतं, आता संपलं. 'सिकुपेन्डी' म्हणजे नाही. आणि 'तुनापेन्डाना' म्हणजे आमचं एकमेकांवर आहे. 'एकमेकांवर' हे त्या शेवटच्या 'ना'मध्येच आलं.

पेन्डा हेच क्रियापद चहालाही चालतं. 'नापेन्डा चाय', मला चहा आवडतो. फरक त्या 'कु'चा. साध्या चहाला असा तुकडा लागत नाही, माणसाला लागतोच. मला सुरुवातीला वाटायचं की चहा आणि बायको यांना एकच क्रियापद म्हणजे भावना पातळ झाली. तसं नाही. क्रियापदाच्या पोटात समोरच्या माणसाची जागा ठेवलेली असते, आणि ती रिकामी ठेवता येत नाही.

आता आदराचं. तो सर्वनामात नाही, पण दारातच उभा आहे. मोठ्यांना भेटलं की 'शिकामोओ' म्हणायचं. 'तुमचे पाय धरतो' असा त्याचा अर्थ सांगतात. समोरून 'माराहाबा' आलं की पुढचं बोलणं. हे चुकवलं तर पुढे कितीही गोड बोला, पोर उद्धटच. काही मागायचं तर 'नाताका', मला हवं, असं म्हणत नाहीत. 'नाओम्बा' म्हणजे विनंती करतो. बायकोला नावानं हाक न मारता 'मामा' आणि थोरल्या मुलाचं नाव, ही रीत सर्रास. आपल्या 'बंड्याची आई'सारखी. तेव्हा ओझं आहेच, फक्त ते वेगळ्या खुंटीला टांगलंय.

मधुकर_पाटील
चर्चा छान. माझा भाचा जकार्ताला नोकरीला चाललाय. दोन्हींपैकी शिकायला सोपी कोणती? आणि साहेबाला काय म्हणायचं?

केतकी
मधुकरकाका, जकार्ताला चाललाय तर इंडोनेशियनच. साहेबाला 'पाक' म्हणजे बापू-काकांसारखं, बाई असतील तर 'बु', आणि स्वतःला 'साया'. 'कामू' म्हणजे तू, ते साहेबाला चुकूनही नको.

आता मूळ मुद्दा. मी जावातल्या योग्यकर्ताला शिकत होते, नंतर जकार्तात काम केलं. पुष्करच्या मताच्या मी ठाम विरोधात आहे, आणि त्यासाठी प्रेमाच्या वाक्यापर्यंत जायचीही गरज नाही. 'जेवलास का' एवढंच घ्या.

जकार्तात मित्रमैत्रिणी एकमेकांना 'गुए' आणि 'लो' म्हणतात, मी आणि तू. आमच्या ऑफिसात दोघं वर्षभर असेच बोलत होते. 'लो उदाह माकान?' जेवलास का रे, इतकंच. एके दिवशी त्याचा तिला मेसेज आला, 'कामू उदाह माकान?' तिनं तो मला दाखवला, आणि तिचा हात थरथरत होता. वाक्यात प्रेमाचा एकही शब्द नाही. फक्त 'लो'चं 'कामू' झालं. 'आकू-कामू' हेही मी आणि तूच, पण जकार्तात ती जवळपास जाहीर कबुली. पुढे लग्न झालं त्यांचं. आता भांडण झालं की ती 'गुए-लो'वर उतरते, आणि त्याला कळतं की आज खरंच बिनसलंय.

हाच प्रश्न 'मास सुदाह माकान?' असा विचारला तर 'मास' म्हणजे दादा. नवऱ्याला, प्रियकराला किंवा रिक्षावाल्यालाही. कोणाला आहे ते आवाज ठरवतो. 'आंदा सुदाह माकान?' म्हटलं तर जाहिरात वाचल्यासारखं वाटतं. 'आंदा' हा शब्द 1957 साली मुद्दाम रूढ केला, कोणालाही चालेल असा 'तुम्ही' हवा म्हणून. म्हणूनच बहुधा तो कोणालाच जवळचा झाला नाही.

आणि जावानीजमध्ये क्रियापदही बदलतं. मित्राला 'कोवे विस मांगान?', वडीलधाऱ्याला 'पांजनेंगान साम्पुन धाहार?' हे 'धाहार' स्वतःच्या जेवणाला कधीच वापरायचं नाही. योग्यकर्ताच्या माझ्या घरमालकीणबाई आजारी नवऱ्याला हेच विचारायच्या, दिवसातून तीनदा. तो कोरडेपणा होता असं कोणी म्हणालं तर मी मानणार नाही. पायऱ्या नसत्या तर एक पायरी उतरून जवळ यायची सोयही नसती.

लीना_ग
केतकी, मस्त. एक भर. इंडोनेशियन 'चिंता' म्हणजे प्रेम, आणि तो आपलाच शब्द. त्यांचं प्रेम म्हणजे मुळात काळजीच! आणि 'साया चिंता कामू' हे चूक आहे ना? साया औपचारिक, म्हणून प्रेमात फक्त आकू.

केतकी
शब्द संस्कृत 'चिंता'वरूनच गेलाय, बरोबर. पण तिथल्या माणसाला त्यात काळजी ऐकू येत नाही, काळजीला ते 'खावातिर' म्हणतात. जावानीजमधलं 'त्रेस्नो' म्हणजे आपली तृष्णा, पण ते म्हणताना कोणाला तहान आठवत नाही. उलट 'साया' पाहा, तो 'सहाय'वरून आला. मलायमध्ये त्याचा अर्थ दास झाला आणि मग नम्र 'मी'.

रोजच्या बोलण्यात 'चिंता'पेक्षा 'सायांग' जास्त. तो आई मुलाला म्हणते, नवरा बायकोला म्हणतो, आणि 'सायांग सेकाली' म्हटलं तर 'अरेरे, वाया गेलं'. माया आणि हळहळ एकाच शब्दात. मला वाटतं, म्हणूनच तो इतका हलक्या हातानं वापरता येतो. 'चिंता' म्हणायला धीर लागतो.

'साया' चूक असं मात्र नाही. जावाच्या बाहेर पडा. पापुआत लोक 'सा सायांग को' म्हणतात, आणि हे 'सा' म्हणजे 'साया'च. मनाडोत तर मी आणि तू दोन्ही वेगळे, 'कीता सायांग न्गाना'. जकार्तात जो 'साया' कडक इस्त्रीचा वाटतो तो पापुआत घरचा आहे.

नंदा_कुलकर्णी
मला या भाषा येत नाहीत, पण माझं सांगते. लग्नाला 41 वर्षं झाली. मी 'अहो', ते 'अगं'. सवयीनं 'अहो'त आदर किती आणि माया किती हे मलाच सांगता येत नाही. पण ते माझ्यावर रागावले की मला 'तुम्ही' म्हणतात. 'तुम्ही सांगाल तसं.' तेवढं ऐकलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. शिवी दिली असती तर बरं, असं वाटतं.

पुष्कर
नंदाताई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. आदरार्थी रूप दुरावा दाखवायला वापरता येतं, कारण ते मुळात दुराव्याचंच आहे.

केतकीच्या ऑफिसातली गोष्ट मला पटली, पण ती दोघं एकाच पायरीवर होती. दोघांनाही 'लो'वरून 'कामू'वर यायची मुभा होती. घरमालकीणबाईंना ती मुभा होती का? त्या नवऱ्याला एकदा तरी 'विस मांगान?' म्हणू शकल्या असत्या? तो मात्र त्यांना हवं ते म्हणू शकत होता. 1928 साली इंडोनेशियातल्या तरुणांनी शपथ घेऊन जावानीज नव्हे, तर मलायवर आधारलेली इंडोनेशियन सगळ्यांची म्हणून स्वीकारली, त्यामागे हेही एक कारण सांगतात की तिच्यात अशा पायऱ्या नव्हत्या.

केतकी
नाही, त्या म्हणू शकल्या नसत्या. हे तुझं खरं आहे आणि मला ते टोचतं. आता शिकलेल्या जावानीज जोडप्यांत पुष्कळ जण घरात सरळ इंडोनेशियनच बोलतात, आकू-कामू. पण ऐकशील तर त्यातली बायको 'कामू' टाळून 'मास' म्हणत असते, आणि तो तिला 'दिक', म्हणजे धाकटी. भाषा बदलली, दादा आणि धाकटी राहिले. मी त्यांच्यातल्या एकीला विचारलं होतं, तुला 'कामू' म्हणावंसं नाही वाटत? ती म्हणाली, 'कामू' मी भावालाही म्हणते, 'मास' असं फक्त त्याच्यासाठीच म्हणते. मघाशी मीच लिहिलं की रिक्षावाल्यालाही 'मास' म्हणतात. तरी ती हेच म्हणाली.

विश्राम, दार एस सलाम
आणखी एक, मग थांबतो. शेजारी किनाऱ्याकडचं एक कुटुंब होतं, नवरा बायकोपेक्षा बराच मोठा. ती रोज सकाळी त्याला 'शिकामोओ' म्हणायची, तो 'माराहाबा' म्हणायचा. मग ती चूल पेटवायची. एकदा तो तापानं फणफणला, तेव्हा ती उशाशी बसून नुसतं 'पोले' म्हणत होती. 'पोले' म्हणजे माफी नव्हे, तुला त्रास होतोय आणि मला तो दिसतोय, इतकंच. ते मी रस्त्यात ठेच लागल्यावर अनोळखी माणसाकडूनही ऐकलंय. त्या आठ दिवसांत तिनं सकाळचं 'शिकामोओ' सोडलं नाही, तो उत्तर देऊ शकत नव्हता तेव्हाही. ते त्या दोघांत आदराचं होतं की मायेचं, हे मी तिला विचारलं नाही. पुष्कर, तू काय म्हणशील?

पुष्कर
तो बरा झाल्यावर एकदा तरी त्यानं तिला आधी म्हटलं का, हे मला ऐकायचंय.

विश्राम, दार एस सलाम
नाही. शिकामोओ लहानानंच म्हणायचं असतं. पण 'पोले' त्यानं म्हटलेलं ऐकलंय, ती विहिरीवरून पाणी घेऊन यायची तेव्हा. रोज.