कोजागिरीच्या चित्राखालची पट्टी

सुलभाकाकू (बी-३०४): कोजागिरीच्या निमंत्रणासाठी हे वारली चित्र घ्यावं म्हणते. खाली 'शुभ सकाळ' आणि कुठल्यातरी दुकानाचा नंबर असलेली पांढरी पट्टी आहे, ती काढायची आहे. मी कापायला गेले तर बाजूची झाडंही गेली. 🙏

निखिल (ए-१०२): काकू, तिथे चौकोनाचं प्रमाण ठरलेलं राहिलं असणार. मग खालची कड वर ओढली की बाजूच्याही आत येतात. गूगल फोटोजमध्ये Edit, मग Crop. प्रमाण निवडायचं चिन्ह दिसेल, त्यात Free करा आणि नुसती खालची कड वर सरकवा. Save copy केलंत की मूळ चित्र तसंच राहील.

सुलभाकाकू: जमलं! पण तळाशी करडी, मळकट रेघ दिसतेय.

निखिल: ती पट्टीचीच खूण. हे चित्र जेपीजी आहे, ते ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत साठवलं जातं. एकाच ठोकळ्यात पांढरी पट्टी आणि गेरूचा रंग आला की दोन्ही एकमेकांत उतरतात. व्हॉट्सॲपवरून पुन्हा पुन्हा फिरलेल्या चित्रात हे जास्त दिसतं. झूम करून अजून आठेक पिक्सेल वर कापा, डोळ्याला कळणारही नाही.

देशपांडे काका (सी-५०१): थांबा, उजव्या कोपऱ्यात बारीक सही आहे. ती कापली जाईल का?

निखिल: बरं झालं बघितलंत काका. सही त्या रेघेच्या चांगली वर आहे, वाचेल. पट्टी कुणीतरी मागाहून चिकटवली, ती जाऊ दे. सही चित्रकाराची आहे, तिला हात लावायचा नाही.

मेघना (ए-४०३): माझ्याकडे चंद्राचं एक आहे, पण अक्षरं थेट चंद्रावरच आहेत.

निखिल: त्याला क्रॉपचा उपयोग नाही गं. अक्षरं कापायची तर चंद्रही कापावा लागेल. ते सोडून दे.

देशपांडे काका: छापताना ए-४ भरून घ्यायचं का? लिफ्टजवळ लावायचंय.

निखिल: नको काका. मूळ १०८० बाय १३५० होतं. पट्टीचे १५० आणि वरचे ८ गेले, उरलं १०८० बाय ११९२. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर रुंदी येते ३.६ इंच, म्हणजे साधारण ९ सेंटीमीटर. तेवढंच वर मध्यभागी ठेवा आणि खाली मजकूर मोठा घ्या. ए-४ भर ताणलंत तर माणसांच्या काड्यांसारख्या रेघा फुटतील. आणि काकू, काकांना पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते परत दाबलं जाईल.

सुलभाकाकू: पाठवलं. आता सही स्वच्छ दिसतेय, पण नाव लागत नाही. चित्र भाचीकडून आलं होतं, चित्रकार कोण ते तिला विचारते. त्यांची परवानगीही घ्यायला हवी. तोवर काका, प्रिंट काढू नका.

देशपांडे काका: थांबतो. नाव कळलं की चित्राखाली तेही घालू.