अनुभव धागा: पगार झाल्यावर किती दिवसांनी हप्ता ठेवलात?

धागाकर्ती, घाटंजी (जि. यवतमाळ)
आमच्या भागात गाडी, फ्रीज, मोबाइल सगळं हप्त्यावर येतं आणि हप्त्याची तारीख बहुतेक वेळा दुकानदारच फॉर्मवर टाकून देतो. ती तारीख पगाराच्या पुढे नीट बसली तर चार वर्षं काही कळतही नाही. नाही बसली तर काय होतं ते माझ्या नणंदेच्या बाबतीत या वर्षी जवळून पाहिलं, म्हणून हा धागा.

ती अनुदानित शाळेत आहे. स्कूटीचा हप्ता ४,१५० रुपये, तारीख ५. पगार "एक ते पाचमध्ये" होतो असं तिनं सांगितलं आणि फॉर्मवर ५ पडली. जानेवारीत पगार लांबला. पाच तारखेला सकाळी खात्यात ३,९०० होते. अडीचशे कमी, म्हणून हप्ता परत गेला. त्याच दिवशी बँकेनं परतीचे २९५ कापले, म्हणजे तूट अडीचशेची ५४५ झाली. फायनान्स कंपनीनं आपले ५९० वेगळे लावले आणि आठ तारखेला हप्ता पुन्हा बँकेत टाकला. पगार तोवरही आला नव्हता. पुन्हा परत, पुन्हा बँकेचे २९५. नऊला पगार झाला. एकूण ११८० रुपये गेले, एका हप्त्याच्या पाव भागाहून जास्त, आणि मुद्दल एक रुपयानं कमी झालं नाही.

तुमचा पगार साधारण कधी होतो, तुम्ही कोणती तारीख घेतली आणि ती टिकली का, एवढं लिहा. कंपनीचं नाव लिहू नका.

मेहकर (जि. बुलढाणा), किराणा दुकान
माझ्या बायकोचा पगार एक तारखेला होतो, आम्ही दोन तारीख घेतली. कधी अडचण नाही. रविवार किंवा सुट्टी आली तर हप्ता सोमवारीच कटतो, त्यामुळे एक दिवस आपोआप मिळतो. तेवढा हिशोब धरून दोन तारीख पुरते.

दारव्हा (जि. यवतमाळ), निवृत्त बँक कर्मचारी
मेहकरचे भाऊ म्हणतात ते पूर्वी खरं होतं. १ ऑगस्ट २०२१ पासून नाच यंत्रणा, म्हणजे ज्यातून हे हप्ते आपोआप कापले जातात ती, रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाही चालते. एखादी कंपनी सुट्टीच्या दिवशी फाइल पाठवत नसेल तर तुम्हाला सोमवार मिळतो, पण तो तुमचा हक्क नाही. गंमत अशी की पगाराचं बिल मात्र सुट्टीत अडकतं. कार्यालय बंद, सही नाही, बिल पुढे गेलं नाही. म्हणजे हप्ता रविवारी येतो आणि पगार मंगळवारी. पूर्वी दोन्ही सोबत थांबायचे.

शेवटची काही वर्षं माझ्याकडे शाखेत मॅन्डेटचं, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला आपण देतो त्या परवानगीचं, काम होतं. लोकांची तक्रार ठरलेली, "साहेब, पाच तारखेला संध्याकाळी पगार जमा झाला, मग हप्ता परत कसा गेला?" हप्त्याची मागणी सकाळीच येते. त्या वेळी खात्यात जे असेल त्यावर निर्णय होतो. काही बँका दिवसभरात पुन्हा पाहतात, काही पाहत नाहीत. म्हणून तारीख पाच असेल तर पैसे चारच्या रात्री खात्यात हवेत. पाच तारखेचा हप्ता म्हणजे खरं तर चार तारखेचा हप्ता समजा.

आता तारीख कशी काढायची. पासबुक भरून आणा आणि मागच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या नोंदींवर पेन्सिलनं खूण करा. सरासरी काढू नका, ती फसवते. सर्वात उशिरा आलेला पगार पाहा. समजा दहा महिने पगार १ ते ४ मध्ये झाला, एकदा ६ ला आणि एकदा ९ ला. मग ९ धरायची, वर एक दिवस सोडायचा आणि कंपनीकडे ज्या तारखा असतील त्यातली पुढची मागायची. बहुतेकांकडे तारखा ठरलेल्याच असतात, २, ५, ७, १०, १५ अशा. इथे १० घेतली तर नऊच्या पगाराला एक रात्र मिळते. आणि फॉर्मवर सही करण्याआधी मागा. तेव्हा ते बदलणं म्हणजे एक आकडा खोडून दुसरा लिहिणं असतं.

चिमूर (जि. चंद्रपूर), शेतकरी
आम्हाले पगारच नाई, तर तारीख काय निवडनार? पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरा म्हनतात, अन कापूस घरात पडून राह्यतो भाव नाई म्हनून. ट्रॅक्टरचा हप्ता मात्र सहामाही आहे. पह्यले जून-डिसेंबर लिहून देत होते. जूनमध्ये शेतकऱ्याजवळ काय राह्यते? बियानं-खत घ्यायचं अन हप्ता भी भरायचा. म्या डिसेंबर-मे करून घेतला. डिसेंबरले सोयाबीन विकून झालेलं राह्यते, मेपर्यंत कापसाचा पैसा हाती आलेला राह्यते. याच्यावर कोणी लिहा.

धागाकर्ती
काका, इथे पगारदारांचं चाललंय, पण तुमचंही तत्त्व तेच आहे. पैसा हातात येण्याच्या मागे हप्ता हवा. शेतीच्या हप्त्यांवर वेगळा धागा काढू.

दर्यापूर (जि. अमरावती), गृहिणी
यांची नोकरी ठेकेदाराकडे आहे. पगार ७ ला, कधी १०, एकदा १२ ला झाला होता. वरच्या बँकवाल्या दादांच्या हिशोबानं आम्ही आधीच १५ घेतली होती. परत कधी गेला नाही, पण मी हे सांगते की लांबची तारीखही सोपी नाही. सातला पगार झाला की पंधरापर्यंत आठ दिवस ते पैसे खात्यात दिसत राहतात. किराणा, पोराची फी, कुणाचं लग्न, आठवडी बाजार, सगळ्यांना ते दिसतात. दोनदा शेजारणीकडून आणून भरले. आता मी पगाराच्या दिवशीच हप्त्याएवढे पैसे दुसऱ्या बँकेतल्या माझ्या खात्यात टाकते आणि मॅन्डेट त्याच खात्यावर लावून घेतलं आहे. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलंच नाही.

कारंजा (जि. वाशिम), जि. प. शिक्षक
ताईंनी लिहिलेल्या दोन खात्यांवरून सांगतो. आमच्याकडे अनेकांचा पगार जिल्हा बँकेत होतो आणि हप्त्याचं खाते दुसऱ्या बँकेत. त्यामुळे पगाराची तारीख आणि पैसे हप्त्याच्या खात्यात पोचण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पासबुकवर खूण करताना दुसरी तारीख धरतो. गावात नेटवर्क नसलं की शनिवारच्या बाजारालाच तालुक्याला जाणं होतं, तो उशीरही त्यात आला पाहिजे. मार्चचा पगार तर एप्रिलमध्ये रेंगाळतोच, तो महिना सर्वात वाईट धरा.

आरमोरी (जि. गडचिरोली), आरोग्य विभाग
उशिराचं सगळे लिहीत आहेत, लवकरच्या पगाराचंही लिहा. दिवाळी महिन्याच्या शेवटी आली की काही वर्षं शासन तो पगार आधीच देतं. हाती पैसे येतात वीस-पंचवीस तारखेला आणि हप्ता पुढच्या महिन्याच्या ५ ला. मध्ये दिवाळी. नोव्हेंबरचा हप्ता माझ्या ओळखीतल्या तिघांचा त्याच वर्षी परत गेला, तिघेही कायम नोकरीत. मी दिवाळीच्या पगाराच्या दिवशी हप्त्याची रक्कम एक महिन्याच्या मुदत ठेवीत टाकतो... नाही, चुकीचं लिहिलं, मुदत ठेवीत टाकली तर पाच तारखेला मोडावी लागेल. वेगळ्या खात्यातच ठेवतो.

अकोट (जि. अकोला), ऑपरेटर
मले एक इचारायचं होतं. माझा पगार बराबर ३० ले होते, हप्ता ३ ले, ४,०००. खात्यात ४,२०० ठेवले होते. तरी जूनचा हप्ता परत! बँकेत गेलो तर म्हनते, विम्याचे ४५६ कटले. कोनता विमा? म्या तर कधी सही केली आठवत नाई.

दारव्हा, निवृत्त बँक कर्मचारी
४३६ जीवन ज्योती आणि २० सुरक्षा विमा, दोन्ही मे महिन्याच्या शेवटी कापले जातात. वर्षातून एकदाच येतात म्हणून आठवत नाहीत. ४,२०० मधून ४५६ गेले, उरले ३,७४४. मेच्या शेवटी पासबुकवर नजर टाका. हप्त्याच्या खात्यात नेमका हप्त्याएवढाच पैसा कधीच ठेवू नका. एसएमएसचे, कार्डाचे, किमान शिल्लक न ठेवल्याचे पैसे याच खात्यातून कटतात. विमा बंद करू नका, तो स्वस्त आहे. ती वजावट दुसऱ्या खात्यावर वळवा.

कारंजा, जि. प. शिक्षक
चालू कर्जाची तारीख बदलता येते का? माझ्या कंपनीनं "सिस्टिममध्ये नाही" म्हणून हात वर केले.

दारव्हा, निवृत्त बँक कर्मचारी
काही देतात, काही देत नाहीत, सक्ती करता येत नाही. लेखी अर्ज द्या, पगाराच्या नोंदी जोडा. देत असतील तर तीन गोष्टी विचारा. एक, मधल्या दिवसांचं व्याज. ६४,००० बाकी असतील आणि १४ टक्के दर असेल तर एका दिवसाचं साधारण साडेचोवीस रुपये. ५ ची १० केली तर पाच दिवसांचे सव्वाशे. एवढंच लागलं तर आनंदानं द्या, एका परतीपेक्षा स्वस्त आहे. दोन, जुनं मॅन्डेट बंद कधी होणार. नवं नोंदवलं आणि जुनं चालू राहिलं तर एका महिन्यात दोनदा कापलं जाण्याची भीती असते. तीन, या मधल्या महिन्याचा हप्ता कसा भरायचा. हातानं भरायचा असेल तर मागणीची फाइल गेली आहे का ते आधी फोन करून विचारा. ती एक-दोन दिवस आधीच निघते. तुम्ही यूपीआयनं भरून मोकळे होता आणि सकाळी तेवढेच परत कटतात.

आणि तारीख खूप पुढे नेताना हेही पाहा. २०२५ पासून कर्जाची स्थिती आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांकडे पंधरवड्याला जाते, १५ ची आणि महिनाअखेरची. ५ चा हप्ता परत जाऊन ९ ला भरला तर १५ ला थकबाकी दिसत नाही. १२ चा परत जाऊन १७ ला भरला तर १५ च्या नोंदीत तो थकीत म्हणून बसतो.

दर्यापूर, गृहिणी
मग आमची १५ बरोबर की चूक? यांचा पगार १२ लाही होऊ शकतो.

दारव्हा, निवृत्त बँक कर्मचारी
तुमच्या पगाराला १५ शिवाय पर्याय नाही, ताई. पण तुमच्यासारखं कार्ड न घेता वेगळं खातं सांभाळणारे थोडेच. एक आगाऊ हप्ता त्या खात्यात साठला की मग १२ चा पगार १८ ला झाला तरी चालेल.

मेहकर, किराणा दुकान
म्हणजे मी पुढच्या रविवारी दोन तारखेला पाहतो, खरंच कटतो का ते. शनिवारी पैसे टाकूनच ठेवतो.

धागाकर्ती
नणंदेनं १० तारखेचा अर्ज दिला आहे. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तिनं १,००० जादा ठेवायचं ठरवलं आहे आणि ४ च्या संध्याकाळी शिल्लक पाहते. चिमूरच्या काकांसाठी सहामाही हप्त्यांचा धागा काढते, ज्यांनी महिने बदलून घेतले असतील त्यांनी तिथे लिहा.