ओव्हरहँगला मराठीत काय म्हणावं? टेकू, वळचण आणि ज्योतीचं भोक

सदरबझारकर
नमस्कार. मी सोलापुरात आयटीआयच्या मुलांना थ्रीडी प्रिंटिंग शिकवते. सपोर्ट न लावता छापता येईल असा पार्ट कसा काढायचा, यावर मराठीत टिपणं लिहितेय. सपोर्टला 'टेकू' लिहिलं, तो शब्द मुलांनी लगेच उचलला. अडलंय ते तिघांवर: ओव्हरहँग म्हणजे खालच्या थरापेक्षा बाहेर येणारा भाग, चँफर म्हणजे तिरकी छाटलेली कड आणि टिअरड्रॉप होल म्हणजे वर टोक असलेलं थेंबासारखं भोक. टिपणात उदाहरण घेतलंय कांडी मशीनच्या ब्रॅकेटचं. छापताना तो 16 मिमी उंच असतो आणि त्याच्या मधोमध आडवं भोक आहे, 8 मिमीचा रॉड जाण्यासाठी 8.4 चं.

शब्दवेडा, जुळे सोलापूर
ओव्हरहँग म्हणजे 'प्रलंब' आणि टिअरड्रॉप होल म्हणजे 'अश्रुछिद्र'. चँफरला 'तिरकस कड' म्हणा. नियम सरळ आहे: 45 अंशांच्या आत टेकू नको, त्यापुढे टेकू लागणारच. आणि चँफरच का? खालच्या कडेला गोलाई दिली तरी तेच काम होतं, शिवाय दिसायला छान.

कांडीवाला
ताई, आमच्या कारखान्यात असाच ब्रॅकेट लावला होता. पोरानं उभा छापला, म्हणजे भोक आभाळाकडं. भोक लई सुंदर आलं, पण आठवड्यात ब्रॅकेट आडवा तडकला, थरावर थर सुटल्यागत. मटेरियल बदलू का? पीएलए होतं.

टूलरूम काका
कांडीवाले, ताईंनी शब्द विचारलेत, पण तुमचा ब्रॅकेट इथं कामाचा आहे. मटेरियल नंतर बघू. थर एकमेकांना चिकटतात तिथंच छापलेला पार्ट कमजोर असतो. तुम्ही उभा छापला, त्यामुळे रॉडचा ताण नेमका थर सोडवायच्या दिशेनं आला. म्हणून हा ब्रॅकेट आडवा झोपवूनच छापायचा. झोपवला की भोक आडवं होतं, आणि ताईंचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आडव्या गोल भोकाचा खालचा अर्धा भाग बिनतक्रार येतो. बाजूच्या भिंतीही येतात. बिघडतो तो माथा. 0.2 मिमीचे थर आणि 0.45 रुंदीची रेघ धरा. 45 अंशांवर प्रत्येक थर खालच्यापेक्षा 0.2 पुढे सरकतो, म्हणजे रेघेचा अर्ध्याहून जास्त भाग अजून खालच्यावर टेकलेला असतो. माथ्याकडे मात्र गोल चपटा होत जातो. ताईंच्या 8.4 च्या भोकात अगदी वरच्या थरांत ही सरक अर्धा मिमीपर्यंत जाते. म्हणजे रेघ खालच्या थराला सोडून पूर्ण बाहेर. मग ती लोंबते, माथ्यावर धाग्यांची जाळी दिसते आणि रॉड अडकतो. भोक 3 मिमीचं असेल तर एवढा विचार करू नका, गोल ठेवा.

यावरून शब्दवेडा यांना उत्तर: 45 हा कायदा नाही, अंदाज आहे. 60 अंशांवर 0.2 चा थर 0.35 सरकतो, टेकायला फक्त 0.1 उरतं. तोच उतार 0.12 च्या थरांनी छापला तर सरक 0.21 वर येते आणि पंखा नीट असेल तर पुष्कळदा जमूनही जातं. गोलाईचं मात्र चुकलं तुमचं. उभ्या कडांना गोलाई खुशाल द्या. बेडला टेकणाऱ्या कडेला 3 मिमीची गोलाई दिली तर ती जवळजवळ आडवीच सुरू होते. दुसरा थर पहिल्याच्या अर्धा मिमी बाहेर पडतो आणि कड खालून खरबरीत येते. चँफर पहिल्या थरापासून 45 वर असतो.

शब्दवेडा, जुळे सोलापूर
गोलाईचं पटलं काका, मी फक्त दिसण्याचा विचार केला. पण 'प्रलंब' का नको?

टूलरूम काका
अर्थ बरोबर आहे हो, पण प्रलंब म्हटल्यावर लोंबणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. इथं तर ती लोंबू नये म्हणून सगळा खटाटोप. 'अधांतरी' पण नको, कारण प्रत्येक थराला खालच्याचा थोडा आधार असतोच. मला 'वळचण' आवडतो. भिंतीबाहेर तिरका आलेला भाग, आणि दोष शोधायचा तोही खालच्या बाजूनंच. सपाट बाहेर आलेल्या भागाला 'छज्जा' म्हणा, म्हणजे गवंड्याकडे काम केलेल्या पोराला आपोआप कळेल की छज्जाला सेंटरिंग लागतं.

सदरबझारकर
छज्जा छान. वळचण शहरातल्या मुलांना कळेल का, शंका आहे; आता घरांना वळचणीच नाहीत. काका, माझी एक चूक सांगते. टिपणात मी लिहिलं होतं, "आपल्या मशीनवर 60 अंशांपर्यंत चालतं". एका मुलानं क्युरा या थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे स्लायसरमध्ये, `Support Overhang Angle` ला 60 टाकलं, सगळं ठीक. दुसऱ्यानं प्रुसास्लायसरमध्ये `Overhang threshold` ला 60 टाकलं, तर टिअरड्रॉपच्या आतसुद्धा टेकू भरून आले.

टूलरूम काका
कारण क्युरा कोन उभ्या रेषेपासून मोजतो आणि प्रुसास्लायसर जमिनीपासून. दुसऱ्या मुलानं नकळत सांगितलं की उभ्यापासून 30 अंशांपलीकडे सगळीकडे टेकू लाव. त्यानं तिथं 30 टाकायला हवं होतं. 45 ला दोन्हीकडून आकडा एकच येतो, म्हणून ही गफलत कित्येक दिवस लपून राहते. टिपणात नुसतं 'अंश' कधीच लिहू नका. 'ओळंब्यापासून 60' लिहा. ओळंबा म्हटलं की मोजमाप कुठून सुरू ते वेगळं सांगावं लागत नाही.

सदरबझारकर
ओळंबा घेतला! आता भोक. 'अश्रुछिद्र' वाचून मुलं हसली. एकीनं 'कोयरी' सुचवलं, तिच्या घरी चादरीचं डिझाइन करतात.

टूलरूम काका
कोयरीचं टोक वाकडं असतं, भोकाचं सरळ हवं. मी 'ज्योतीचं भोक' म्हणतो. समई कशीही धरा, ज्योतीचं टोक वरच जातं. या भोकाची अटही तीच आहे: छापताना टोक वर. स्लायसरमध्ये पार्ट लोळवला आणि टोक बाजूला गेलं, तर गोल माथा परत आला आणि केलेली मेहनत वाया. ओपनएससीएडीत काढायला सोपं आहे, गोलावर 45 अंशांत फिरवलेला चौकोन:

```
r = 4.2;
rotate([90,0,0])
linear_extrude(20, center=true)
union(){ circle(r, $fn=64); rotate(45) square(r); }
```

चौकोनाच्या बाजू गोलाला बरोबर 45 वर स्पर्श करतात. पण टोक मध्यापासून 5.94 मिमीवर जातं. तुमचा ब्रॅकेट मध्यापासून वर 8 मिमी आहे, म्हणजे डोक्यावर भिंत उरली 2.06. गोल भोकाला ती 3.8 होती. कांडी मशीनच्या हादऱ्याला ही भिंत मला कमी वाटते. म्हणून टोक 4.4 वर सपाट छाटा. छाटल्या जागी 3.1 मिमी रुंदीचा पूल पडतो. दोन्हीकडे आधार असल्यानं एवढा पूल सहज ओढला जातो, आणि भिंत 3.6 राहते. बरोबर 4.2 वर छाटू नका. पूल किंचित झोळ खातो, त्याला 0.2 ची जागा ठेवा, नाहीतर रॉडला घासेल.

कांडीवाला
म्हणजे आडवा छापू, टोक छाटून. बरं, त्या छाटलेल्याला काय म्हणायचं ओ?

शब्दवेडा, जुळे सोलापूर
'खुडलेली ज्योत'?

टूलरूम काका
ज्योत खुडत नाहीत, वात खुडतात. 'छाटलेली ज्योत' लिहा सध्या. चँफरला हात लावू नका, लेथवर 'चँफर मार' म्हटलं की कळतं सगळ्यांना.

सदरबझारकर
चँफर, छज्जा, ओळंबा, ज्योत ठरले. ओव्हरहँगपुढे वळचण पेन्सिलनं लिहून ठेवलाय, सोमवारी वर्गात विचारते.