घरून दवाखान्यातल्या कम्प्युटरवर केसपेपर कसे पाहावेत? (सल्ला हवा)

डॉक्टर_एकटी:
माझा छोटा दवाखाना आहे. रिसेप्शनवर एकच कम्प्युटर, विंडोज ११ प्रो, त्यातच सगळे केसपेपर. संध्याकाळी घरी आल्यावर दिवसाच्या नोंदी पूर्ण करायच्या असतात. रुग्णांच्या फाइली घरच्या लॅपटॉपवर किंवा क्लाउडवर उतरायला नकोत. नवीन यंत्र घ्यायचं नाही, दर महिन्याचं शुल्कही नको. काय करावं?

जुना_वापरकर्ता:
सोपं आहे. रिमोट डेस्कटॉप चालू करा आणि राउटरवर 3389 पोर्ट त्या कम्प्युटरकडे वळवा. मी तो बदलून दुसरा आकडा ठेवलाय. दोन वर्षं झाली, काही झालं नाही.

रात्रपाळी:
कृपया हे करू नका. मीही असंच केलं होतं. आठवड्याभरात कम्प्युटर मंद झाला म्हणून Event Viewer मध्ये Security लॉग उघडला, तर 4625 क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली. 4625 म्हणजे फसलेलं लॉगिन. admin, user, test अशी नावं रात्रभर कुणीतरी लावून पाहत होतं. आकडा बदलल्याने फक्त गर्दी कमी होते, शोधणारे सगळेच पोर्ट चाळतात. जुना_वापरकर्ता, तुम्ही तो लॉग कधी उघडलाय का?

जुना_वापरकर्ता:
नाही उघडला. पण माझा पासवर्ड मोठा आहे.

सर्व्हर_घरचा:
सरळ एक छोटा सर्व्हर घ्या, सोबत चांगला फायरवॉल राउटर. माझ्याकडे दोन्ही आहेत, एकदा बसवले की विसरून जा.

डॉक्टर_एकटी:
नवीन यंत्र घ्यायचं नाही असं वर लिहिलंय.

तारजोडणी:
मी अशा छोट्या दवाखान्यांची जोडणी करतो. तुमच्या गरजेला टेलस्केल, म्हणजे आपलेच कम्प्युटर एका खासगी जाळ्यात जोडणारं ॲप, आणि विंडोजचा रिमोट डेस्कटॉप एवढं पुरतं. टेलस्केल दोन्ही कम्प्युटरवर टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा आणि त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. राउटरवर एकही पोर्ट उघडावा लागत नाही. दवाखान्याच्या कम्प्युटरला 100 ने सुरू होणारा पत्ता मिळेल, घरून तोच टाकायचा.

मग फायरवॉल. "Remote Desktop - User Mode (TCP-In)" या नियमात Scope मध्ये जाऊन Remote IP address खाली फक्त हे ठेवा:

```
100.64.0.0/10
```

तसाच UDP-In चाही नियम आहे, तिथेही हेच करा. हे न केल्यास प्रतीक्षाकक्षातल्या वायफायवर बसलेल्या कुणालाही तुमचं लॉगिनचं दार दिसू शकतं. बरेच जण बाहेरचं बंद करतात आणि हे आतलं विसरतात.

टेलस्केलच्या Preferences मध्ये Run unattended लावा, नाहीतर रिसेप्शनिस्टने लॉगआउट केलं की जोडणी तुटते.

मीना_क्लिनिक:
मी एक फुकटचं स्क्रीन शेअरिंगचं ॲप वापरायचे. एकदा घरून रिपोर्ट वाचत होते आणि तोच रिपोर्ट रिसेप्शनच्या पडद्यावर मोठा उघडलेला. समोर दुसरे रुग्ण बसलेले. मला फार वाईट वाटलं.

तारजोडणी:
रिमोट डेस्कटॉपमध्ये तसं होत नाही, तिकडचा पडदा लॉक होतो. पण विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुम्ही आत शिरलात की रिसेप्शनिस्ट बाहेर. म्हणून ती गेल्यावरच शिरा.

आणि फाइली घरी उतरायला नकोत म्हणालात, तर घरच्या लॅपटॉपवर mstsc, म्हणजे रिमोट डेस्कटॉप जोडायची खिडकी, उघडून Local Resources मध्ये Clipboard, Printers आणि More खालचं Drives यांच्या खुणा काढा. Drives वर खूण राहिली तर घरची डिस्क तिकडे दिसते आणि फाइल सहज इकडे येते. पासवर्ड साठवू नका. पडद्याचा फोटो मात्र यातलं काहीच अडवत नाही.

रात्रपाळी:
कम्प्युटर झोपला तर? Sleep ला Never करा आणि चोवीस तास चालू ठेवा. BIOS मध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायची सोयही लावा.

सर्व्हर_घरचा:
हो, चोवीस तास चालूच हवा.

तारजोडणी:
माझंही मत तेच. १८० दिवसांनी टेलस्केल पुन्हा लॉगिन मागतं. दवाखान्याच्या कम्प्युटरसाठी ते बंद करता येतं, नाहीतर एके दिवशी घरून जोडणी लागणार नाही आणि कारण कळणार नाही.

डॉक्टर_एकटी:
काल संध्याकाळी केलं. फायरवॉलचा नियम लावून दवाखान्याच्या वायफायवरून, टेलस्केल नसलेल्या एका फोनवरून जोडून पाहिलं, लागलं नाही. घरून लगेच लागलं.

पण चोवीस तास चालू ठेवणार नाही. रिसेप्शनिस्ट सातला जाते, माझ्या नोंदी नऊपर्यंत संपतात. नऊला मी घरूनच तो बंद करते. रात्रभर रिकाम्या दवाखान्यात केसपेपर उघडे असलेलं यंत्र चालू ठेवणं मला पटत नाही.

रात्रपाळी:
आणि रविवारी एखाद्या रुग्णाची जुनी औषधं पाहायची वेळ आली तर?

डॉक्टर_एकटी:
दवाखाना दहा मिनिटांवर आहे. जाऊन पाहीन.