चर्चा: फिलिंग मशीनवर हवेचा वेग वाढवावा का?

कुपवाड_प्रोजेक्ट: आमच्या सांगलीच्या प्लांटमध्ये व्हायल फिलिंगची नवी लाइन उभी राहतेय. मशीनवर ए ग्रेड, भोवती बी. पार्टिकल काउंट पास, 0.5 मायक्रॉनचे कण घनमीटरला 3,520 च्या बरेच खाली. पण स्मोक स्टडीत टर्नटेबलपाशी धूर गोल फिरून वर येतो. कंत्राटदार म्हणतो, वेग सेकंदाला 0.45 मीटरवरून 0.60 करा. करावा का?

फिल्टरवाला: बिनधास्त करा. 0.36 ते 0.54 ही रेंज मार्गदर्शक आहे, सक्तीची नाही. जोर वाढला की धूर खाली दाबला जाईल.

व्हॅलिडेशनचे_काका: रेंजबद्दल तुमचं बरोबर आहे, उपायाबद्दल नाही. टर्नटेबलच्या कडेला व्हायल पडू नयेत म्हणून भरीव पत्रा लावलेला असतो. वरून आलेली हवा टेबलावर आपटते, पत्र्यामुळे तिला बाजूला निघता येत नाही, म्हणून ती परत वर वळते. वेग वाढवलात तर भोवरा जागचा हलणार नाही, फक्त जोरात फिरेल आणि टेबलावरची हवा उघड्या व्हायलच्या तोंडावर नेईल. काउंट पास झाला याचा फार आधार घेऊ नका. मशीन बंद, माणूस नाही, मग कण येणार कुठून? शिवाय प्रोब एका जागी, भोवरा दुसरीकडे.

सातारा_टॅबलेट: आमच्याकडे तासाला 20 एअर चेंज ठेवले आणि प्रश्न मिटला. तुमचे किती आहेत?

व्हॅलिडेशनचे_काका: दादा, तो हिशोब आजूबाजूच्या खोलीचा. इथे फिल्टरचं क्षेत्र समजा 3 बाय 1.2 मीटर, म्हणजे 3.6 चौरस मीटर. 0.45 ने गुणलं की सेकंदाला 1.62 घनमीटर, तासाला सुमारे 5,800. हा आकडा कितीही मोठा असला तरी हवा सरळ खाली जाते की नाही, हे त्यातून कळत नाही. ते धूरच सांगतो.

कुपवाड_प्रोजेक्ट: पत्रा काढला तर व्हायल पडतात, काका.

व्हॅलिडेशनचे_काका: पत्र्याऐवजी दोन बारीक गोल सळ्या लावा, हवा मधून निघून जाईल. बाजूचे पडदे टेबलाच्या पातळीखाली न्या आणि रिटर्न दोन्ही बाजूंना जमिनीलगत असू द्या. एकाच बाजूला असले की प्रवाह तिकडे ओढला जातो. मग मशीन चालू ठेवून स्मोक स्टडी पुन्हा करा. पडलेली व्हायल ऑपरेटर चिमट्याने उचलतो, तेही शूट करा. त्याचा हात उघड्या व्हायलवरून जात असेल तर तिथे हवा कितीही चांगली असून उपयोग नाही.

फिल्टरवाला: सळ्या पटल्या. पण तुमचं 0.45 फिल्टरखाली मोजलंय की व्हायलच्या उंचीवर? तिथे 0.30 निघालं तर वेग वाढवावाच लागेल.

व्हॅलिडेशनचे_काका: कामाच्या उंचीवरच मोजायचं, हे मान्य. पण आधी सळ्या, मग मोजणी. पत्रा असताना घेतलेलं रीडिंग मी धरणार नाही.

कुपवाड_प्रोजेक्ट: आमचं रीडिंग फिल्टरखालचं आहे. सळ्या बसवून दोन्ही उंचींवर मोजतो. पण रिटर्न एकाच भिंतीत आहेत आणि दुसऱ्या भिंतीमागे ऑटोक्लेव्ह. तिथे कुठून काढायचे?