मदत हवी आहे: कव्वाल एकाच ओळीवर अडकून का राहिले?

सारंगी_वेडा: दिल्लीला निजामुद्दीनच्या दर्ग्यात उरसाच्या महफिलीत बसलो होतो. सुरुवातीला नुसती पेटी वाजली, मग तालाशिवाय संथ दोहा, मग ढोलक आणि टाळ्या. लय चढत गेली. रंग भरात आला असताना पुढ्यातले एक आजोबा डोलता डोलता उठले आणि कव्वाल एका अर्ध्या ओळीवरच थांबले. दहा मिनिटं तीच ओळ! सगळी महफिल उभी, मीही उठलो. पुढे गाणं विसरले का? शिवाय मी पेटीवर नोट ठेवायला गेलो तर शेजाऱ्याने हात धरला.

तालमणी: विसरले कसले. कव्वालीत लय शेवटपर्यंत वाढतच जाते, ते चढवत होते एवढंच.

अनु_८२: आमच्या भजनी मंडळात लोक टाळ्या वाजवायला लागले की ढोलकी पळते, मग गायकाची दमछाक. यावर उपाय सांगा ना कोणी.

खानकाही: अनुताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. कव्वालीत टाळ्या मागे बसलेले साथीदारच वाजवतात, लय त्यांच्या हातात असते.

तालमणी, तुमचं अर्धंच बरोबर. लय चढते, पण मुख्य कव्वाल डोळ्यांनी श्रोते वाचत असतो. कोणी मान हलवली, 'हाय' म्हणालं की तो तीच ओळ धरतो. कोणीच हललं नाही तर दुसऱ्या कवीचा एखादा शेर मध्ये गुंफून, गिरह लावून, परत मुखड्यावर येतो. आजोबांना हाल आला होता, म्हणजे भक्तीत तल्लीन होऊन त्यांचं भान हरपलं होतं. अशा वेळी ज्या शब्दांवर माणूस उठला, ते शब्द सोडायचे नाहीत. तो शांत होऊन बसेपर्यंत तीच तक्रार, म्हणजे त्याच ओळीची पुनरावृत्ती, चालू ठेवायची आणि बाकीच्यांनी अदबीने उभं राहायचं. मेहरौलीचे सुफी संत कुतबुद्दीन बख्तियार काकी १२३५ साली एका फारसी शेरावर अशाच अवस्थेत वारले, असं परंपरा सांगते. त्यामुळे कव्वाल ओळ बदलायला बिचकतात.

ओळखायचं कसं? तो हळूच श्रोत्यांवर नजर फिरवत असेल तर रंग चढवतोय. एकाच माणसाकडे नजर लावून बसला असेल तर समजा, हाल आहे.

नजराण्याचं म्हणाल तर, रीतसर महफिलीत तो आधी समोर बसलेल्या बुजुर्गांच्या हाती देतात, ते पुढे कव्वालाकडे पाठवतात. शेजाऱ्याने तुमची लाज राखली!

सारंगी_वेडा: अच्छा! आजोबा बसल्यावर पेटीवाल्याने डोक्याची टोपी सरळ केली आणि दुसरा शेर धरला, ते आत्ता कळलं. मग नाट्यगृहातल्या कार्यक्रमात काय करायचं?

तालमणी: तिथे तर सगळेच टाळ्या वाजवतात की.

खानकाही: वाजवतात, पण मला तरी ते खुपतं. तिथल्या रीतीबद्दल आमच्यातच एकमत नाही.

अनु_८२: आणि ढोलकीचं?